साडेचारशेचा ड्राफ्टर आणि तीन मिनिटं

पहिल्या तालमीला त्या मुलीने सुरुवात केली ती अशी: "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो..." मी मोबाइलवर वेळ लावून बसले होते. नमस्कार, स्वतःची ओळख, गटाची ओळख, कॉलेजचे आभार आणि स्वप्नांबद्दल एका थोर शास्त्रज्ञाचं वाक्य, एवढं होईपर्यंत पन्नास सेकंद गेले होते. तिला मिळणार होती तीन मिनिटं. वस्तू काय आहे हे अजून कोणालाच कळलं नव्हतं.

मुलगी बोलायची छान. आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ. शाळेत असताना तिने वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती, आणि अडचण तिथेच होती. वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक भाषण ऐकतो, गुण देतो आणि घरी जातो. उद्योजकतेच्या स्पर्धेतल्या पिचनंतर परीक्षकाला काहीतरी द्यायचं असतं किंवा नाकारायचं असतं: पैसे, जागा, परवानगी, ओळख. म्हणजे ऐकणाऱ्याला तीन मिनिटांच्या शेवटी एक निर्णय घ्यायचा असतो, आणि बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य त्या निर्णयासाठी लागणारी माहिती देत असतं. जे वाक्य देत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी वेळ खातं.

मी व्यवसायाने हिशेबनीस. लहान कारखानदार, दुकानदार, दूधसंकलनवाले यांच्या वह्या बघते. त्यामुळे आसपासची कॉलेजं अशा स्पर्धांच्या तयारीला बोलावतात. या स्पर्धा आता नव्या राहिलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांची अशी स्पर्धा १९९० साली दहा हजार डॉलरच्या बक्षिसावर सुरू झाली. आयआयटी मुंबईचा उद्योजकता विभाग, ज्याला सगळे ई-सेल म्हणतात, १९९८चा आहे. आज जिल्ह्याच्या नव्हे, तालुक्याच्या कॉलेजातही वर्षातून एकदा मंच सजतो. इथे मी एकाच गटाची गोष्ट सांगणार आहे, कारण त्यांचं भाषण बिघडलेलं कसं होतं आणि उभं कसं राहिलं, हे मी जवळून बघितलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

गट तिघांचा, सगळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बोलणारी मुलगी, हिशेब ठेवणारा एक मुलगा आणि हातात सतत स्क्रू-ड्रायव्हर असलेला दुसरा. त्यांची कल्पना म्हटलं तर अगदी लहान होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगचा विषय असतो आणि त्यासाठी मिनी ड्राफ्टर लागतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: फळीच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचं, कोपरातून वाकणाऱ्या हातासारखं हे साधन असतं. टोकाला काटकोनात दोन पारदर्शक पट्ट्या. फळीवर त्या कुठेही सरकवल्या तरी त्यांची दिशा बदलत नाही, म्हणून समांतर रेषा भराभर मारता येतात. पहिल्या वर्षी हा ड्राफ्टर प्रत्येकाला घ्यावा लागतो. सत्र संपलं की अनेकांना तो पुन्हा कधीच लागत नाही. तो कपाटावर जातो.

तिघांना हे ड्राफ्टर आणि ड्रॉइंगशीट ठेवायचा लांब नळकांड्यासारखा डबा असा संच सत्रापुरता भाड्याने द्यायचा होता. आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी बाहेरच्या माणसाला सुचली नसती. त्यांच्या कॉलेजात, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी, पहिल्या वर्षाच्या मुलांचे दोन गट करतात. एका गटाला ड्रॉइंग पहिल्या सत्रात, दुसऱ्याला दुसऱ्या सत्रात. म्हणजे तोच ड्राफ्टर वर्षातून दोन जणांच्या उपयोगी पडू शकतो. ही माहिती त्यांच्या पहिल्या भाषणात दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी, एका पोटवाक्यात आली होती.

मी तिला म्हटलं, "सुरुवात राहू दे. शेवटचं वाक्य काय आहे?"

ती म्हणाली, "आम्ही दहा लाख रुपये मागतोय मॅडम, दहा टक्क्यांसाठी."

हे कुठून आलं ते उघड होतं. शार्क टँकचं भारतीय रूप २०२१च्या डिसेंबरात टीव्हीवर आलं, आणि तेव्हापासून 'इतके लाख, इतके टक्के' हाच मागणीचा साचा मुलांच्या डोक्यात बसला आहे. त्या वाक्यात एक गणित लपलेलं असतं. दहा टक्क्यांना दहा लाख म्हणजे पूर्ण धंद्याची किंमत तुम्ही एक कोटी धरलीत. मी हिशेबवाल्या मुलाला विचारलं, "तुमच्याकडे आज काय आहे?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं: बारा संच. मागच्या सत्रात बारा मुलींना दिले होते, स्वतःचे आणि मित्रांकडून मागून आणलेले. एक कोटीला भागिले बारा, हे मी तोंडाने म्हणाले नाही. त्याने मनातल्या मनात केलं असावं, कारण तो मान खाली घालून वहीत रेघा ओढायला लागला.

टक्केवारीची मागणी गुंतवणूकदारापुढे योग्य असते, कारण त्याला भागीदारी विकत घ्यायची असते. पण या स्पर्धेत समोर कोण बसणार होतं? प्राचार्य, वर्कशॉपचे प्रमुख, गावातले एक कारखानदार आणि एक माजी विद्यार्थी. बक्षिसाची आणि कॉलेजच्या नवोपक्रम निधीची मिळून रक्कम होती पंचवीस हजार. या चौघांपैकी कोणीही त्या दुपारी दहा लाख देऊ शकत नव्हता. देता येणार नाही असं काही मागितलं की ऐकणाऱ्याची सुटका होते. त्याला 'नाही' म्हणावंच लागत नाही, तो "छान, पुढे विचार करू" म्हणतो आणि मोकळा होतो.

म्हणून पहिला दिवस आम्ही भाषणाला हातच लावला नाही. कोणाकडून काय हवंय आणि त्या माणसाला ते देता येतं का, एवढंच बघितलं. त्यासाठी हिशेब उलगडावा लागला, आणि तिथे दोन चुका निघाल्या.

पहिली चूक मी लहान धंदेवाल्यांच्या वह्यांतही दर वर्षी बघते. त्यांचा बेत होता भाडं दीडशे आणि अनामत तीनशे. हिशेबवाल्याने दोन्ही जोडून प्रत्येक संचामागे साडेचारशे धरले होते, आणि साठ संचांची 'एका सत्राची कमाई' २७,००० लिहिली होती. पण अनामत म्हणजे दुसऱ्याचे पैसे. सत्र संपलं, ड्राफ्टर परत आला, की तीनशे रुपये परत द्यायचे. म्हणजे २७,००० मधले १८,००० त्यांचे नव्हतेच. राहिले ९,०००. बारा संचांवर मागच्या सत्रात दुरुस्तीला ४८० रुपये गेले होते, म्हणजे संचामागे चाळीस. साठ संचांचे २,४०० वजा केले की हातात ६,६००.

दुसरी चूक खरेदीची. संच नवे घ्यायचे असं ठरलं होतं, कारण "जुनं दिलं तर लोक काय म्हणतील". नव्या संचाची किंमत त्यांनी बाजारात जाऊन विचारली होती: ड्राफ्टर ४५०, डबा १४०, क्लिपा आणि कर्कटक मिळून ११०. एकूण ७००. साठ संचांचे ४२,०००. सत्राला ६,६०० उरत असतील तर ४२,००० वसूल व्हायला सातवं सत्र उजाडतं, म्हणजे साडेतीन वर्षं. मी विचारलं, "सातवं सत्र येईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोवर तिघेही पदवी घेऊन बाहेर पडलेले असणार होते.

इथे स्क्रू-ड्रायव्हरवाला मुलगा पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, "नवे कशाला घ्यायचे? वरच पडलेत की सगळ्यांच्या कपाटावर." मला वाटतं त्यांचा धंदा खऱ्या अर्थाने त्या वाक्यापासून सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून पडून राहिलेला ड्राफ्टर दोनशे रुपयांना घ्यायचा. सैल झालेले सांधे आवळणं, तडा गेलेली पट्टी बदलणं याला सरासरी साठ रुपये. नवा डबा १४०. कर्कटक सगळ्यांकडे शाळेपासूनचं असतं, ते वगळायचं. संच पडतो ४०० रुपयांना. भाडंही त्यांनी दोनशेवर नेलं, कारण बाजारातून ड्राफ्टर आणि डबा घ्यायला ५९० लागतात, त्यापुढे दोनशे एक तृतीयांशच आहेत. आता प्रत्येक संचामागे चाळीस वजा जाता १६० उरतात, साठ संचांचे ९,६००, आणि लागणारं भांडवल २४,०००. तिसऱ्या सत्रात पैसे सुटतात. साठऐवजी पंचेचाळीसच संच भाड्याने गेले तरी सत्राला ७,२०० मिळतात आणि चौथ्या सत्रात वसुली होते. दोन्ही वेळा मुलं कॉलेजातच असतात.

जुना ड्राफ्टर चांगला आहे हे ओळखायचं कसं, याचीही त्या मुलाकडे साधी रीत होती. फळीच्या वरच्या टोकाला एक आडवी रेघ मारायची, पट्ट्या खाली ओढून दुसरी मारायची, आणि दोन्ही रेघांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजायचं. सारखं आलं तर ड्राफ्टर घ्यायचा. फरक आला तर सांधा आवळून पुन्हा बघायचं. तरीही फरक राहिला तर तो नाकारायचा. मी त्याला सांगितलं, हे भाषणात आलं पाहिजे. जुन्या वस्तूबद्दलची शंका या दोन रेघांइतकी दुसऱ्या कशानेच गेली नसती.

आता मागणी आपोआप तीन तुकड्यांत पडली. २४,००० रुपये, जे निधीतून देता येतात. ड्रॉइंग हॉलजवळ कुलपाचं एक कपाट, जे वर्कशॉपचे प्रमुख देऊ शकतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज दाखवतात त्या दिवशी दाराजवळ एक टेबल, ज्याला प्राचार्यांची परवानगी लागते. प्रत्येक तुकड्याला समोर बसलेला एक माणूस होता. माझ्या मते या तिघांत टेबल सगळ्यांत मोलाचं होतं. पहिल्या आठवड्यात मुलांनी एकदा दुकानातून ड्राफ्टर घेतला की त्या सत्राचं गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे पैसे महिन्याने मिळाले असते तरी चाललं असतं, टेबल महिन्याने मिळून उपयोग नव्हता.

मागणी पक्की झाल्यावर आम्ही सुरुवातीकडे वळलो. सुरुवातीच्या वाक्याला मुलं 'हूक' म्हणतात. गळ. मुलीने रात्रीतून एक नवा हूक लिहून आणला होता: एक गरीब मुलगी, शेतमजुराची, ड्राफ्टर घ्यायला पैसे नाहीत म्हणून ड्रॉइंग हॉलबाहेर रडत उभी आहे. तिने तो इतक्या जीव ओतून म्हटला की मीही क्षणभर हलले. मग विचारलं, "ही मुलगी कोण?" ती म्हणाली, "अशी कोणी नाही मॅडम. पण परीक्षकांना भिडेल." मी ते काढायला लावलं. खोटं बोलू नये हे कारण आहेच. पण व्यवहाराचंही कारण आहे. परीक्षकांपैकी कोणी "तिला आता मिळाला का ड्राफ्टर?" एवढंच विचारलं असतं तर पुढचे सगळे खरे आकडेही संशयात आले असते. शिवाय या संचाचं गिऱ्हाईक फक्त गरीब मुलं नव्हती. मागच्या सत्रातल्या बारापैकी निम्म्या मुलींना पैशांपेक्षा ते लचांड चार वर्षं सांभाळायचं नव्हतं.

हूक म्हणजे लक्ष वेधणं एवढंच असतं तर टाळी वाजवूनही काम झालं असतं. मुंबईच्या लोकलमध्ये भाजी किसायची पट्टी विकणारा माणूस डब्यात शिरतो तेव्हा स्वतःची ओळख करून देत नाही. तो गाजर काढतो आणि किसायला लागतो. तो काय विकतोय आणि त्याने काय होतं, हे दुसऱ्या सेकंदाला कळलेलं असतं. याच जातीचं जगातलं एक गाजलेलं उदाहरण १८५४चं आहे. तेव्हा लिफ्टचा दोर तुटला की माणसं मरत, म्हणून लोक त्यात बसायला कचरत. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंचावर एका उघड्या पाळण्यात उभा राहिला आणि त्याने लोकांदेखत दोर तोडायला लावला. पाळणा थोडासा खाली आला आणि त्याच्या नव्या कळीने जागीच अडकला. त्यानंतर त्याला फार बोलावं लागलं नसणार. त्याचा हूक आणि त्याची वस्तू वेगळ्या नव्हत्या.

मी मुलीला एकच कसोटी दिली. तुझं पहिलं वाक्य मोबाइल ॲप विकणाऱ्या दुसऱ्या गटाला जसंच्या तसं वापरता येत असेल तर ते टाक. शास्त्रज्ञाचं वाक्य या कसोटीवर गेलं. "भारत हा तरुणांचा देश आहे" गेलं. मग ती हॉस्टेलवर गेली आणि तिच्या मजल्यावरच्या सोळा खोल्यांत जाऊन तिने कपाटांवरचे ड्राफ्टर मोजले. अठ्ठेचाळीस मुली, सत्तावीस ड्राफ्टर. हे मोजायला तिला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासाने आधीच्या दोन रात्रींच्या लेखनापेक्षा जास्त दिलं.

शेवटचं भाषण मी इथे पूर्ण देते, कारण तुकड्यांनी त्याची बांधणी कळत नाही. मराठीत न धावता बोललं तर तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात. आम्ही त्यापेक्षाही कमी ठेवले, कारण मंचावर मध्येच कोणीतरी माइक सरळ करतो, कोणी उशिरा येतो, आणि हातातली वस्तू दाखवायलाही वेळ जातो. ती मंचावर आली, टेबलाच्या कडेला ड्राफ्टर आवळला आणि बोलायला लागली:

"हा माझा ड्राफ्टर. मी तो साडेचारशे रुपयांना घेतला आणि सप्टेंबर ते डिसेंबर वापरला. तेव्हापासून तो माझ्या कपाटावर आहे. परवा मी आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर फिरले. तिथे आम्ही अठ्ठेचाळीस मुली राहतो. मी सत्तावीस ड्राफ्टर मोजले. सगळे कपाटावर. आणि त्याच वेळी खाली, पहिल्या वर्षाच्या मुली नवे ड्राफ्टर घेऊन येत होत्या.

आम्ही वरचे ड्राफ्टर खाली आणतो.

सीनियरकडून दोनशे रुपयांना ड्राफ्टर घेतो, दुरुस्त करतो, शीटच्या डब्यासकट पहिल्या वर्षाला एका सत्रासाठी दोनशे रुपये भाड्याने देतो. अनामत तीनशे, ती पूर्ण परत. जुना ड्राफ्टर नीट चालतो का? माझा मित्र आत्ता या फळीवर दोन रेघा मारतोय. डावीकडचं अंतर वीस सेंटिमीटर, उजवीकडचंही वीस. ही परीक्षा पास झाल्याशिवाय आम्ही ड्राफ्टर देत नाही.

आपल्याकडे पहिल्या वर्षाला चारशे ऐंशी विद्यार्थी आहेत. ड्रॉइंग निम्म्यांना पहिल्या सत्रात असतं, निम्म्यांना दुसऱ्या. म्हणून आमचा एक संच वर्षात दोघांना जातो.

मागच्या सत्रात आम्ही बारा संच दिले. बाराही परत आले. एकाची पट्टी तुटली होती, तिचे ऐंशी रुपये अनामतीतून घेतले. आणखी नऊ जणींनी विचारलं, त्यांना द्यायला संच नव्हते.

आता आम्हाला साठ करायचे आहेत. एक संच चारशे रुपयांना तयार होतो. दुरुस्ती वजा जाता एका सत्रात एकशे साठ परत मिळतात. सगळे संच गेले तर तिसऱ्या सत्रात भांडवल सुटतं, पंचेचाळीसच गेले तर चौथ्या.

त्यासाठी आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. निधीतून चोवीस हजार रुपये, साठ संचांसाठी. वर्कशॉपकडून ड्रॉइंग हॉलजवळ कुलपाचं एक कपाट. आणि प्राचार्य सर, पहिल्या वर्षाचं स्वागत असतं त्या दिवशी दाराजवळ एक टेबल. तिन्हींत आधी टेबल हवंय, कारण त्या आठवड्यात ड्राफ्टर विकत घेतला गेला की आमची वेळ गेली."

ती थांबली. आभार वगैरे नाहीत. दोन मिनिटं पस्तीस सेकंद.

या भाषणात काय नाही तेही बघण्यासारखं आहे. गटाचं नाव नाही, बोधचिन्ह नाही, 'पुढे महाराष्ट्रभर नेऊ' नाही. बॉयलर सूटही भाड्याने देण्याचा त्यांचा बेत होता, तो काढला. त्याची मापं सांभाळावी लागतात, धुवावा लागतो, आणि त्याचा हिशेब अजून झालेला नव्हता. भाषणात टाकला असता तर पहिला प्रश्न त्यावरच आला असता.

मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझं सगळं लक्ष प्रश्नांकडे होतं. भाषण पोचलं की नाही ते टाळ्यांवरून कळत नाही, प्रश्न कुठले येतात त्यावरून कळतं. "नेमकं करता काय तुम्ही?" असा प्रश्न आला तर भाषण वाया गेलं समजावं. "हे झालं तर काय कराल?" असा आला तर ऐकणारा तुमच्या कामात शिरला आहे.

पहिला प्रश्न माजी विद्यार्थ्याचा होता. "सीनियर ज्युनियरला ड्राफ्टर देतातच की. आम्हीही दिले. मग मध्ये तुम्ही कशाला?" हा या कल्पनेला सगळ्यांत खरा धक्का होता, आणि आम्ही त्याची तयारी केली होती. ती म्हणाली, "सर, देतात. पण ज्याची ओळख आहे त्याला. पहिल्या आठवड्यात नव्या मुलाची कोणाशी ओळख नसते. म्हणूनच सत्तावीस वर पडलेत आणि खाली नवे येतात." तिने मघाचाच आकडा पुन्हा वापरला. सुरुवातीच्या वाक्यातली गोष्ट अशी उत्तरातही कामाला आली, हे मला फार आवडलं.

दुसरा प्रश्न कारखानदारांचा. "अनामत कुठे ठेवता?" हिशेबवाला मुलगा उठला. अठरा हजार वेगळ्या खात्यात राहतील, त्यांना हात लावायचा नाही, आणि आम्ही मागितलेल्या चोवीस हजारांत ते धरलेले नाहीत, असं त्याने सांगितलं. कारखानदारांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

तिसरा प्रश्न अवघड होता. वर्कशॉपच्या प्रमुखांनी विचारला. "ड्रॉइंगचा काही भाग आता कॉम्प्युटरवर गेलाय. उद्या अभ्यासक्रम बदलला आणि ड्राफ्टर लागेनासाच झाला तर?" तालमीत या प्रश्नावर मुलीने "तसं होणार नाही सर" असं उत्तर दिलं होतं. ते तिच्या हातात नव्हतं, म्हणून तसं म्हणता येणार नव्हतं. आता तिने सांगितलं, "होऊ शकतं सर. म्हणून आम्ही साठच मागतोय, दोनशे नाही. आणि म्हणूनच नवे घेत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या सत्रापर्यंत पैसे सुटतात. त्याआधीच अभ्यासक्रम बदलला तर तोटा होईल, पण तो चोवीस हजारांच्या आतला असेल. आणि दर वर्षी नवे संच घेण्याआधी आम्ही तुम्हालाच येऊन विचारू."

प्रमुख काही बोलले नाहीत. शेजारी बसलेल्या प्राचार्यांकडे वाकून त्यांनी हळू आवाजात काही विचारलं. मग मान वर करून मुलांना म्हणाले, "कपाट केवढं लागेल?"

स्क्रू-ड्रायव्हरवाल्या मुलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्याने ड्राफ्टरनेच आराखडा काढून आणला होता, मापांसकट.